शंभर फोटोंतली एकच वायर एका दमात कशी काढायची? आणि हा डाव कधी फसतो?

कार्यक्रमाचे फोटो हातात आले की एक गोष्ट हमखास खटकते. सत्कार छान झाला, चेहरे छान आले, पण प्रत्येक फोटोत स्टेजमागच्या भिंतीवरून लोंबणारी तीच काळी वायर दिसते. एका फोटोतून ती काढायला अर्धं मिनिट पुरतं. फोटो १८० असतील तर त्याच कामाला दीड तास लागतो, आणि शंभराव्या फोटोपर्यंत हात कंटाळलेला असतो.

लाइटरूम क्लासिकमधलं 'सिंक' आणि फोटोशॉपमधली 'ॲक्शन' यासाठीच आहेत. एका फोटोवर केलेलं काम ही साधनं बाकीच्या फोटोंवर उतरवतात. मात्र ती वापरणाऱ्या अनेकांना एक विचित्र अनुभव येतो. पहिले वीस फोटो झकास होतात, एकविसाव्यात वायर जागच्या जागी असते, आणि बाविसाव्यात वायरऐवजी कुणाचं तरी कोपर पुसलं गेलेलं असतं. असं का होतं, हे कळलं की कुठले फोटो एकत्र करायचे आणि कुठले नाहीत, हेही लगेच कळतं.

सॉफ्टवेअरला वायर माहीत नसते, जागा माहीत असते

पहिल्या फोटोत वायरवर ब्रश फिरवला की सॉफ्टवेअर 'ही वायर आहे' असं लिहून ठेवत नाही. फोटोच्या चौकटीत डावीकडून इतक्या अंतरावर, वरून इतक्या अंतरावर, अमुक आकाराची जागा बुजवायची, एवढंच ते नोंदवतं. पुढच्या फोटोत ते त्याच जागी जातं आणि तिथे जे असेल ते बुजवतं. तिथे वायर असेल तर वायर जाते. तिथे प्रमुख पाहुण्यांचा कान असेल तर कान जातो.

त्यामुळे सुरुवातीलाच विचारायचा प्रश्न असा, की काढायची वस्तू प्रत्येक फोटोत चौकटीच्या त्याच जागी आहे का? याची उत्तरं तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार सेन्सरवरच्या धुळीचा. हा कण कॅमेऱ्याच्या आत असतो, म्हणून कॅमेरा कुठेही वळवला तरी डाग चौकटीत त्याच जागी राहतो. दुसरा प्रकार ट्रायपॉडचा. कॅमेरा एका जागी घट्ट बसवलेला आहे आणि झूम बदललेला नाही, तर भिंतीवरची वायरही प्रत्येक फोटोत जागची हलत नाही. तिसरा प्रकार हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा. इथे फोटोग्राफर एकाच खुर्चीवर बसून राहिला तरी वायर दर फोटोला सरकते.

किती सरकते, याचा अंदाज गणिताने येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल आणि लेन्स ५० मिलिमीटरची असेल, तर कॅमेरा फक्त एक अंश वळला तरी फोटोच्या मध्यभागातली वस्तू साधारण १४५ पिक्सेल सरकते. वायर २० पिक्सेल जाड असेल आणि तिच्यावर ६० पिक्सेल रुंद पट्टा मारला असेल, तर एक अंशाचा फरकही तो पट्टा पूर्ण चुकवायला पुरेसा आहे. एक अंश म्हणजे श्वास घेताना हलणारा हात.

आधी वाटणी, मग सफाई

समजा, एका शाळेच्या गुणगौरव समारंभाचे १८० फोटो आहेत, सगळे ६००० बाय ४००० पिक्सेलचे. त्यातले १२० स्टेजसमोर ट्रायपॉड लावून काढले आहेत. विद्यार्थी मध्यभागी येतो, प्रमाणपत्र घेतो, फोटो होतो, पुढचा येतो. उरलेल्या ६० पैकी ४० फोटो प्रेक्षकांत फिरून हातात कॅमेरा धरून काढलेले आहेत, आणि २० मैदानावरचे गटफोटो आहेत. वायर स्टेजच्या उजव्या बाजूला आहे. मैदानावरच्या फोटोंत वायर नाही, पण आकाशात एक करडा ठिपका आहे.

इथे एक बॅच नसून तीन आहेत, आणि तिन्हींना वेगळी वागणूक लागते. लाइटरूममध्ये प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाचं लेबल दिलं की पुढे घोळ होत नाही. ट्रायपॉडच्या १२० फोटोंतही एक चाचणी करायची. पहिला, साठावा आणि शेवटचा फोटो एकामागून एक पाहायचा. भिंतीची कड किंवा पडद्याची दांडी तिन्हींत त्याच जागी असेल तर गट खरोखर एकच आहे. मध्येच कुणाचा धक्का लागून ट्रायपॉड हलला असेल, तर तो कुठल्या फोटोपासून हलला ते शोधून तिथून दुसरा गट धरायचा.

आकाशातला ठिपका: सिंकचं सगळ्यात सोपं काम

मैदानावरचे फोटो सहसा एफ/८ किंवा एफ/११ अशा लहान छिद्रावर काढले जातात. सेन्सरवरची धूळ अशा वेळीच ठळक दिसते. हॉलमध्ये एफ/२.८ वर काढलेल्या फोटोंत तोच कण इतका पसरट होतो की बहुधा दिसतच नाही. म्हणून ठिपका फक्त मैदानावरच्या फोटोंत आढळला, तर त्यात आश्चर्य नाही.

लाइटरूम क्लासिकच्या Develop विभागात Q दाबलं की डाग काढायचं साधन उघडतं. त्यात Heal हा प्रकार निवडायचा आणि ठिपक्यापेक्षा थोडा मोठा ब्रश घेऊन एकदाच क्लिक करायचं. फोटोखालच्या पट्टीतलं Visualize Spots चालू केलं की फोटो काळा-पांढरा दिसतो आणि नजरेला न दिसलेले ठिपकेही गोल कड्यांसारखे उठून दिसतात.

डाग बुजवायला लाइटरूम शेजारचा एक तुकडा स्वतःहून निवडतं. तो तुकडा हाताने ओढून दुसरीकडे नेण्याचा मोह इथे आवरलेला बरा. निवड लाइटरूमवर सोडली तर सिंक करताना प्रत्येक फोटोसाठी योग्य तुकडा नव्याने शोधला जातो. हाताने हलवला तर तीच जागा सगळ्या फोटोंत वापरली जाते, आणि एखाद्या फोटोत तिथे आकाशाऐवजी झाडाची फांदी असू शकते.

यानंतर दुरुस्त केलेला फोटो आधी निवडायचा, मग Shift धरून गटातले बाकीचे, आणि Sync बटण दाबायचं. समोर येणाऱ्या यादीत Check None करून फक्त डाग काढण्याच्या नोंदीवर खूण करायची. आवृत्तीनुसार तिचं नाव Spot Removal, Healing किंवा Remove असं दिसतं. बाकीच्या खुणा राहिल्या तर एका फोटोचा उजेड आणि क्रॉपही सगळ्यांवर जाऊन बसतो. सामूहिक सफाई आधी आणि एकेका फोटोची बारीक सफाई नंतर, हा क्रमही महत्त्वाचा आहे. उलट केलं तर एकेका फोटोवर घेतलेली मेहनत सिंकमध्ये पुसली जाऊ शकते.

वायरसाठी सिंक पुरत का नाही?

ट्रायपॉडच्या १२० फोटोंतली वायरही याच पद्धतीने काढता येते, आणि पहिल्या नजरेला काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. अडचण हे फोटो इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलमध्ये किंवा स्लाइड शोमध्ये एकामागून एक सरकवले की दिसते. वायर गेलेली असते, पण तिच्या जागचा भिंतीचा तुकडा प्रत्येक फोटोत थोडा वेगळा असतो. एकात भिंत सपाट, दुसऱ्यात पडद्याची चुणी उमटलेली, तिसऱ्यात भलतीच सावली. बाकी भिंत स्थिर आणि तेवढाच तुकडा थरथरतो, आणि जे लपवायचं होतं तिकडेच डोळा जातो.

कारण वर आलंच आहे. बुजवायचा तुकडा प्रत्येक फोटोत नव्याने शोधला जातो. धुळीच्या ठिपक्यासाठी हा गुण आहे, कारण प्रत्येक फोटोतलं आकाश वेगळं असतं. भिंतीसाठी तोच दोष ठरतो, कारण भिंत सगळ्या फोटोंत एकच आहे. जनरेटिव्ह एआयचा पर्याय वापरला तर हा फरक आणखी वाढतो. तिथे तुकडा शोधला जात नाही, दर वेळी नव्याने तयार केला जातो.

फोटोशॉपमध्ये निवड करून Edit > Fill मधून Content-Aware भरण्याची ॲक्शन बनवली तरी हाच प्रश्न येतो. शिवाय मध्ये उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा शर्ट वायरच्या जवळ असेल तर भिंतीवर शर्टाचा निळा रंग उमटू शकतो.

एक ठिगळ, सगळ्या फोटोंना

भिंत एकच आहे, तर दुरुस्तीही एकच असावी. वायर एका फोटोत अगदी मन लावून काढायची, तेवढाच दुरुस्त तुकडा पारदर्शक कागदावर उचलावा तसा वेगळा करायचा, आणि तोच तुकडा बाकीच्या फोटोंवर चिकटवायचा.

त्याआधी १२० फोटोंचा उजेड आणि रंग लाइटरूममध्ये एकसारखे करून घ्यायचे आणि ते पूर्ण आकारात, क्रॉप न करता एक्सपोर्ट करायचे. क्रॉप शेवटी. आधी क्रॉप केलं की प्रत्येक फोटोची चौकट बदलते आणि ट्रायपॉडमुळे मिळालेला फायदा हातचा जातो.

आता वायरच्या आसपास कुणीच नाही असा एक फोटो फोटोशॉपमध्ये उघडायचा. त्यावर नवीन रिकामी लेयर घ्यायची आणि क्लोन किंवा हीलिंग ब्रशने वायर पुसायची. ब्रशच्या पर्यायांत नमुना सगळ्या लेयरवरून घ्यायची सूचना देऊन ठेवायची, म्हणजे खालची भिंत वाचून दुरुस्ती वरच्या लेयरवर उतरते. ब्रशची कड मऊ ठेवायची, म्हणजे ठिगळाची शिवण दिसत नाही. इथे दहा मिनिटं लागली तरी हरकत नाही, कारण हे काम एकदाच करायचं आहे.

दुरुस्ती मनासारखी झाली की खालची मूळ फोटोची लेयर काढून टाकायची. उरतो तो पूर्ण आकाराचा पारदर्शक कॅनव्हास आणि त्यावर भिंतीची एक उभी पट्टी. कॅनव्हासचा आकार किंवा रिझोल्यूशन बदलायचं नाही. ही फाइल `patch.psd` अशा एखाद्या नावाने सेव्ह करायची.

मग दुसरा फोटो उघडून Actions पॅनेलमध्ये नवी ॲक्शन रेकॉर्ड करायची. तिच्यात चारच पायऱ्या लागतात:

```
File > Place Embedded  (patch.psd, Enter)
Layer > Flatten Image
File > Save As  (JPEG)
File > Close
```

दोन्ही फायलींचा आकार आणि रिझोल्यूशन एकच असल्याने ठिगळ मधोमध ठेवलं जातं, म्हणजेच नेमकं आपल्या जागी बसतं. रेकॉर्डिंग थांबवून ही ॲक्शन आणखी दोन-तीन फोटोंवर चालवून पाहायची. तुकडा एक-दोन पिक्सेल जरी सरकला असेल तर पडद्याची रेघ तुटलेली दिसेल.

हे करताना अनेकजण एक चूक करतात. ते ॲक्शन रेकॉर्ड करत असतानाच ब्रशने वायर पुसतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये फोटोशॉप ब्रशचे फटकारे ॲक्शनमध्ये नोंदवत नाही. त्यामुळे ॲक्शन चालते, फोटो सेव्हही होतात, पण वायर तशीच राहते. ठिगळ आधीच वेगळ्या फाइलमध्ये तयार असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण फाइल आणून ठेवणं ही पायरी मात्र नीट नोंदली जाते.

बॅच चालवताना

सगळ्या फोटोंवर ॲक्शन चालवायची जागा म्हणजे File > Automate > Batch. तिथे ॲक्शन निवडायची, Source म्हणून मूळ फोटोंचं फोल्डर आणि Destination म्हणून नवं, रिकामं फोल्डर द्यायचं. ॲक्शनमध्ये Save As असल्यामुळे Override Action "Save As" Commands या ओळीवर खूण हवीच. ती नसेल तर बॅच तुमचं नवं फोल्डर बाजूला ठेवून रेकॉर्डिंगच्या वेळच्या जागी सेव्ह करायला जाते. मूळ फोल्डरलाच Destination करू नये. ठिगळ चुकीचं बसलं तर परत यायला वाट राहत नाही.

खालच्या Errors मध्ये Log Errors to File निवडलं की एखादी फाइल उघडली नाही तरी बॅच थांबत नाही. ती चूक एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढे जाते.

चुकलंय हे कसं ओळखायचं?

बॅच संपली म्हणजे काम संपलं असं नाही. १२० फोटोंपैकी नऊ फोटोंत एखादा पालक स्टेजच्या उजव्या कडेने चढताना वायरच्या पुढे आला असेल, तर ठिगळाने वायरबरोबर त्याचा खांदाही झाकला असणार. लहान आकारात हे दिसत नाही. ते कळतं त्या पालकाला, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरल्यानंतर.

तपासायची एक जलद रीत आहे. नवं फोल्डर लाइटरूमच्या Library मध्ये घ्यायचं, View मधलं Lock Zoom Position चालू करायचं आणि वायरच्या जागेवर शंभर टक्के झूम करायचं. आता उजवा बाण दाबत राहिलं की प्रत्येक फोटोतली तीच जागा डोळ्यासमोर येते. एका फोटोला दोन सेकंद धरले तरी १२० फोटो चार मिनिटांत होतात. नजर तीन गोष्टींवर ठेवायची.

पहिली, अर्धवट कापलेलं माणूस, हात किंवा कपडा. असे फोटो बाजूला काढून मूळ फाइलवरून हाताने दुरुस्त करायचे. दुसरी, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ किंवा गडद दिसणारी पट्टी. फ्लॅश पूर्ण चार्ज होण्याआधीच फोटो काढला गेला की तो फोटो काळपट येतो, आणि त्यावर नेहमीच्या उजेडाचं ठिगळ पांढरं उठून दिसतं. अशा फोटोचा उजेड आधी बाकीच्यांच्या बरोबरीला आणायचा आणि मग त्यावर ॲक्शन पुन्हा चालवायची. तिसरी, तुटलेली रेघ. अमुक फोटोपासून पुढे सगळ्यांत रेघ तुटलेली असेल तर तिथे ट्रायपॉड हललेला आहे, आणि त्या पुढच्या फोटोंसाठी दुसरं ठिगळ बनवावं लागेल.

हातात धरून काढलेल्या ४० फोटोंचं काय?

इथे बरेचजण लाइटरूमच्या मास्ककडे वळतात. 'सब्जेक्ट' किंवा 'स्काय' मास्क सिंक केला की तो प्रत्येक फोटोत माणूस किंवा आकाश नव्याने शोधतो, मग वायरही शोधेल अशी आशा वाटते. पण हे मास्क उजेड आणि रंग बदलण्यासाठी आहेत. त्यांनी निवडलेली वस्तू फोटोतून नाहीशी होत नाही. आणि वायरवर ब्रशने काढलेला मास्क सिंक केला तर तो पुन्हा चौकटीतल्या जुन्याच जागी जाऊन बसतो.

तरी मास्कचा एक उपयोग होतो. चेहऱ्यांपासून दूर, कडेला असलेल्या वायरचा उठाव कमी करायचा असेल तर पार्श्वभूमीचा मास्क घेऊन ती थोडी गडद करता येते आणि हा बदल ४० फोटोंवर सिंक करता येतो. वायर राहते, पण नजरेत भरत नाही. ज्या फोटोंत ती चेहऱ्याच्या मागून जाते, ते निवडून हाताने साफ करायचे. पोस्ट करायचे फोटो ४० पैकी दहाच असतील, तर मेहनत त्या दहांवरच घ्यायची.

काय काढायचं नाही?

हीच पद्धत भिंतीवरच्या फलकावर किंवा रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसावरही तितकीच सहज चालते. म्हणून फोटो कशासाठी वापरला जाणार, हे आधी पाहावं लागतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमांनुसार बातमीच्या फोटोत काही घालता येत नाही आणि त्यातून काही काढताही येत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ मात्र काढायला त्या नियमांत परवानगी आहे. फरक सरळ आहे. धूळ कॅमेऱ्यात होती, वायर कार्यक्रमात होती.

शाळेच्या पेजवर टाकायच्या फोटोंतून वायर गेल्याने कुणाचं बिघडत नाही. पण तोच फोटो वर्तमानपत्राकडे किंवा एखाद्या तक्रारीसोबत पुरावा म्हणून जाणार असेल, तर मूळ फोल्डरमधलीच फाइल पाठवायची. Destination वेगळं ठेवलं असेल तर ते फोल्डर जसंच्या तसं शिल्लक असतं.